‘पुढच्या आठवड्यात बघू’

*आठ महिन्यांपासून दर गुरुवारी ४ वाजता मी आमच्या टीममधल्या एका ज्युनिअरसोबत तासभर बसते. दोन आठवड्यांपूर्वी ऐनवेळी ग्राहकांची मीटिंग आली म्हणून तिला लिहिलं, ‘सॉरी गं, आज खूप बिझी आहे, जमणार नाही. पुढच्या आठवड्यात बघू.’ लगेच उत्तर आलं, ‘नो प्रॉब्लेम मॅडम.’ पण गेल्या गुरुवारी ती आली तेव्हा वही बंद, प्रश्न एकही नाही. मीच खोदून विचारलं तेव्हा कळलं की तिच्या विक्रीच्या रिपोर्टची बेरीज फुगते आहे. हप्त्यांनी पैसे आलेली ऑर्डर, जितके हप्ते तितक्या वेळा मोजली जात होती. कारण सापडलं, दुरुस्ती या गुरुवारी करायची ठरली. आणि आज सोमवारी कळतंय की या गुरुवारी ४ लाच पुन्हा तीच मीटिंग! आता तिला काय लिहू? की एका मेसेजचा मी उगाच बाऊ करते आहे?*

बाऊ नाही करत तुम्ही. आधी तो जुना मेसेज पुन्हा एकदा वाचा, पण तिच्या खुर्चीत बसून.

‘बघू’ हा आपल्याकडचा नकाराचा सगळ्यात सभ्य शब्द आहे. लहानपणी काही मागितलं आणि घरचे ‘बघू’ म्हणाले की आपल्याला काय ते कळायचं, पुन्हा विचारायचं धाडस होत नसे. तुम्ही तो शब्द मोकळेपणाने लिहिलात, ‘पुढच्या गुरुवारी तर बसणारच आहोत’ या भरवशावर. तो भरवसा तुमच्या डोक्यात होता, मेसेजमध्ये उतरला नाही. तिच्या हातात आलं ते एवढंच : आज नाही, आणि पुढचं नक्की नाही. शिवाय ‘खूप बिझी आहे’. यात तुम्हाला अभिप्रेत होती तुमची ओढाताण. ज्युनिअर माणूस त्यातून वेगळंच ऐकतो : मॅडमना महत्त्वाची कामं आहेत आणि मी त्यांच्या मधे येते आहे.

त्यावर ती ‘नो प्रॉब्लेम मॅडम’ याखेरीज काय लिहिणार होती? ‘मॅडम, माझा रिपोर्ट अडलाय, आजच बोलायला हवं होतं’ असं लिहिण्याची हिंमत नोकरीच्या पहिल्या वर्षात किती जणांना असते? तिचं उत्तर लगेच आलं याचाच तुम्हाला दिलासा वाटला असेल. माझा अनुभव उलटा आहे. मेसेज वाचायला लागेल त्याहून कमी वेळात जे उत्तर येतं ते पाठ असतं. त्यावरून समोरच्याला खरंच चालतंय की नाही, काहीच कळत नाही.

आता वही बंद का होती ते. आठवड्याला एकदा बसायचं ठरलेलं असतं तेव्हा ज्युनिअर प्रश्न साठवतो. सोमवारी अडलं तर तो स्वतःला सांगतो, ‘गुरुवारी विचारू’. हा साठा नाशवंत असतो. चौथ्या दिवशी प्रश्न ताजा असतो, आठव्या दिवशी त्याने काहीतरी ठिगळ लावून पुढे मार्ग काढलेला असतो, अकराव्या दिवशी आपण ठिगळ लावलंय हेच तो विसरलेला असतो. तुमचा एक गुरुवार गेला म्हणजे कागदावर एक तास गेला, पण दोन बैठकींमधलं अंतर सातवरून चौदा दिवसांवर गेलं. तिच्याकडे प्रश्न नव्हते असं मला वाटत नाही. ते शिळे झाले होते आणि शिळा प्रश्न घेऊन यायची लाज वाटते.

हे मी तालेवारपणे सांगत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या हाताखालच्या एका मुलासोबतची बैठक मी लागोपाठ दोनदा हलवली होती, दोन्ही वेळा ‘बघू’ छापाच्या एका ओळीने. त्याला एक शंका होती : परत आलेला माल विक्रीतून वजा करायचा की वेगळा दाखवायचा. तो माझी वाट बघत राहिला, मग स्वतःच काहीतरी ठरवलं आणि रिपोर्ट पुढे गेला. चूक महिनाअखेरीला निघाली. मी त्याला ‘विचारलं का नाहीस?’ असं म्हणालो तेव्हा तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. ती नजर आठवली की आजही मी फोन हातात घेऊन एक ओळ जास्त लिहितो.

असो. तुमच्या गुरुवाराकडे येऊ. मेसेज लिहायला घेण्याआधी एक निर्णय करायचाय : बैठक कुठे न्यायची. लोक इथेच घाई करतात, आधी माफीची वाक्यं जुळवतात आणि वार शेवटी बघतात.

पहिली गोष्ट म्हणजे आठवडा ओलांडायचा नाही. गुरुवारची बैठक शुक्रवारी गेली तर मागच्या बैठकीपासून आठ दिवस होतात आणि पुढची सहा दिवसांवर येते. तिला ते जाणवणारही नाही. बुधवारी आणली तर सहा आणि आठ. दिवसांचा हिशेब सारखाच, तरी मी बुधवार टाळेन. बैठक गुरुवारी आहे म्हणून तिने बुधवार संध्याकाळचा वेळ तयारीसाठी धरला असेल, तो तुम्ही अचानक खाऊन टाकाल. अलीकडे ओढलेली बैठक तुम्हाला तत्परता वाटते आणि तिला परीक्षा पुढे आल्यासारखी वाटते. त्यामुळे शुक्रवार.

शुक्रवारी पूर्ण तास मिळत नसेल तर? तर पंचवीस मिनिटं बसा, पण बसा. एकाच कामाचं बोलायला पंचवीस मिनिटं पुरतात, आणि तुमच्याकडे या खेपेला काम एकच आहे. मात्र ते आधी सांगा. तास समजून आलेल्या माणसाला पंचविसाव्या मिनिटाला उठवणं वाईट.

दुसरं, ‘तुला कधी जमेल ते सांग’ असं विचारू नका. ऐकायला ते उदार वाटतं. प्रत्यक्षात तुम्ही तुमचं कॅलेंडर चाळायचं काम तिच्या गळ्यात घालता, आणि वर सीनिअरकडे वेळ मागायचा संकोच. ती बहुतेक लिहील, ‘तुम्हाला जमेल तेव्हा मॅडम’. मग चेंडू पुन्हा तुमच्याकडे, मीटिंगांच्या रगाड्यात तो विसरला जातो, आणि शुक्रवार संध्याकाळ होते. त्यापेक्षा एक वेळ तुम्हीच ठरवा, कॅलेंडरवर ती अडवा, आणि एक पर्यायी वेळ द्या. दोनच. पाच पर्याय दिले की त्याचीही पुन्हा चाचपणी सुरू होते.

आता मेसेज. तुमच्यासारखी मनाला लावून घेणारी माणसं दुसऱ्या प्रयत्नात काय लिहितात ते मला माहीत आहे, कारण मीही लिहिलं आहे. ते साधारण असं असतं :

> ‘अगं, मला खरंच खूप वाईट वाटतंय, पुन्हा तेच होतंय. मागच्या वेळीही मी ऐनवेळी कळवलं होतं, त्याबद्दलही सॉरी. पण ही ग्राहकांची मीटिंग अचानक लागते, आमच्या हेडना मी सांगून बघितलं, पण त्यांचंही काही चालत नाही. प्लीज रागावू नकोस. तू खूप छान काम करतेस, तुझी प्रगती बघून मला अभिमान वाटतो. आपण लवकरच बसू, नक्की!’

सगळी वाक्यं मनापासून, आणि जवळजवळ एकही तिच्या कामाचं नाही. यात ती तुमची समजूत काढायला बसते. ‘रागावू नकोस’ला तिने काय उत्तर द्यायचं? हेडचं नाव घेतलंत की तिला ऑफिसमधली एक अडचणीची गोष्ट कळली, जी तिला नको होती. आणि ‘तू खूप छान काम करतेस’ हे वाक्य, माफ करा, या जागी गोळीवरच्या साखरेसारखं आहे. वाईट बातमीच्या शेजारी आलेलं मोघम कौतुक माणसाला लगेच ओळखू येतं. पुढच्या वेळी तुम्ही खरोखर कौतुक कराल तेव्हा ती मनात म्हणेल, आता काय रद्द होतंय? आणि एवढं सगळं लिहून शेवटी ‘लवकरच’. म्हणजे ‘बघू’चंच शहाणं भावंड.

माझा मसुदा असा :

> ‘अगं, या गुरुवारी ४ ला माझी ग्राहकांसोबत मीटिंग लागली आहे, ती मला हलवता येत नाही. आपण शुक्रवारी सकाळी ११ ला बसू, मी वेळ अडवून ठेवली आहे. तुला ११ अडचणीचं असेल तर शुक्रवारीच ३ ला. बुधवारी संध्याकाळपर्यंत सांग.
>
> रिपोर्टची दुरुस्ती आपण तेव्हा बसूनच करू. तोवर फक्त एवढं कर : दोन-तीन हप्ते असलेल्या पाच ऑर्डर निवड, त्यांची खरी रक्कम कागदावर लिही आणि शेजारी रिपोर्टमध्ये येते ती लिही. एकच हप्ता असलेल्या ऑर्डर बरोबर येतात हे गेल्या वेळी तुझ्याच लक्षात आलं होतं, आपण तिथूनच पुढे जाणार आहोत.
>
> मधे अडलीस तर लिहून ठेव आणि मला पाठव. मी रोज ६ नंतर बघते.’

लांबी बघून घाबरू नका. मोबाइलवर एका नजरेत मावतो. त्यातल्या दोन-तीन जागा उलगडून सांगतो, कारण शब्द तुम्ही तुमचे वापराल.

कारण एका वाक्यात आलं आणि तिथेच संपलं. ‘ग्राहकांसोबत मीटिंग’ एवढं पुरे. घरचं, तब्येतीचं कारण असेल तर ‘घरी एक काम आलं आहे’ एवढंही पुरतं. पण कारण गाळू नका. कारण नसलं की समोरचा स्वतःच्या मनाने एक भरतो, आणि ज्युनिअर माणूस नेहमी ‘माझंच काही चुकलं असेल’ हेच भरतो. माफीचा शब्द मी मुद्दाम घातला नाही. घालायचाच असेल तर एकदा घाला, सुरुवातीला.

सगळ्यात जास्त विचार मधल्या परिच्छेदाचा करायचा. बैठक हलते तेव्हा तुटतो तो कामाचा धागा, आणि तो जोडायला एक छोटं काम मधे ठेवावं लागतं. त्या कामाचा आकार चुकला तर सगळं फसतं. समजा तुम्ही लिहिलं असतं, ‘तोवर तू स्वतःच दुरुस्त करून बघ.’ वरवर ते प्रोत्साहन आहे. पण दुरुस्ती ही तुम्ही दोघींनी बसून करायची ठरलेली गोष्ट होती. आता ती एकटीने करायची आहे, आणि तीही बैठक रद्द झाल्याच्या दिवशी. जमली तर ठीक, नाही जमली तर शुक्रवारी ती पुन्हा बंद वही घेऊन येईल. याउलट ‘विषयाचं थोडं वाचून ठेव’ असं लिहिलंत तर ते इतकं ढिसाळ आहे की ती करणारही नाही आणि केलं की नाही हे कुणाला कळणारही नाही.

पाच ऑर्डरचं काम वेगळं आहे. अर्ध्या तासात संपतं. तुमची गरज लागत नाही. चुकायला फारशी जागा नाही, आणि हातात काहीतरी उरतं : एक कागद, दोन रकाने. शिवाय तो कागद तिला दुरुस्तीच्या दारापर्यंत घेऊन जातो. बघा ना. सहा हजारांची ऑर्डर तीन हप्त्यांत आली असेल तर रिपोर्टमध्ये अठरा हजार दिसणार. चार हजारांची दोन हप्त्यांत, तर आठ हजार. पाच ओळी लिहून झाल्या की फुगवटा बरोबर हप्त्यांच्या पटीत आहे हे तिला आपोआप दिसेल. मग शुक्रवारी तुम्ही ‘आता काय करावं?’ एवढंच विचारायचं. हप्ते आधी ऑर्डरनिहाय एकत्र करून प्रत्येक ऑर्डरची एकच ओळ करायची आणि मग ती ऑर्डरच्या टेबलला जोडायची, हे ती स्वतः म्हणण्याची बरीच शक्यता आहे. नाही म्हणाली तरी कागद समोर असल्यामुळे तुम्हाला तीन वाक्यांत दाखवता येईल.

‘तुझ्याच लक्षात आलं होतं’ हे वाक्य मी अंदाजाने घातलं आहे. गेल्या गुरुवारी तिने प्रत्यक्ष काय पकडलं ते तुम्ही आठवा आणि तेच लिहा, अगदी बारीक असलं तरी. ‘तू पहिल्यांदा बेरीज जुन्या रिपोर्टशी ताडून पाहिलीस’ असं काहीही. अशा वाक्यात कौतुकाचा एकही शब्द नसतो, तरी ते वाचून माणूस ताठ बसतो, कारण चार दिवसांनीही तुम्हाला ते आठवतं आहे. आणि ते पुढच्या कामाला चिकटलेलं असल्यामुळे साखर वाटत नाही. काही केल्या आठवलंच नाही तर ते वाक्य गाळा. नसलेली गोष्ट तिच्या नावावर घालू नका, तिला खरं काय ते माहीत आहे.

शेवटचं वाक्य, अडलं तर कधी विचारायचं. ‘कधीही मेसेज कर’ असं लिहायचा मोह होतो. ज्युनिअर ‘कधीही’चा अर्थ ‘कधीच नाही’ असा घेतात, कारण प्रत्येक क्षणी तुम्ही कशात तरी असणारच. ‘६ नंतर बघते’ म्हटलं की साडेपाचला लिहिताना तिला अपराधी वाटत नाही. फक्त ६ नंतर खरंच बघा. एखाद्या दिवशी उत्तर द्यायला वेळ नसेल तर ‘वाचलं, उद्या सकाळी सांगते’ एवढं तरी.

पाठवायचं कधी? आजच. तुम्हाला सोमवारी कळलंय, तर सोमवारीच. मला ठाऊक आहे, मनात कुठेतरी वाटत असतं की ती मीटिंग रद्द होईल, मग कशाला आधी सांगा. पण तीन दिवस आधी आलेला तोच मेसेज नियोजन असतो आणि गुरुवारी पावणेचारला आलेला तोच मेसेज टाळणं असतं. मीटिंग खरंच रद्द झाली तरी शुक्रवार शुक्रवारच ठेवा. पुन्हा गुरुवारवर आणू नका. तिने आता शुक्रवार धरला आहे.

कॅलेंडरचं एक. क्षुल्लक वाटेल, पण यात मी स्वतः तोंडावर पडलो आहे. दर आठवड्याचं जे आमंत्रण तुमच्या कॅलेंडरवर आहे त्यातला हा एकच गुरुवार सरकवायचा आहे. गूगल कॅलेंडरमध्ये तो शुक्रवारी ओढलात की तो विचारतो : `This event`, `This and following events`, की `All events`. पहिला पर्याय निवडा. मी एकदा घाईत तिसरा दाबला आणि सगळीच्या सगळी मालिका शुक्रवारी जाऊन बसली. पुढच्या गुरुवारी मी खोलीत एकटाच. आणि तो गुरुवार पुसून शुक्रवारी नवीन आमंत्रण करू नका. पुसला की तिला बैठक रद्द झाल्याची सूचना जाते, आणि त्या आमंत्रणात तुम्ही मुद्दे किंवा दुवे लिहून ठेवले असतील तर तेही त्याच्याबरोबर जातात. सरकवलात तर बैठक तीच राहते, वेळ तेवढी बदलते.

आणि क्रम : आधी तुमचा मेसेज जाऊ द्या, मग लगेच कॅलेंडर. उलट केलंत तर तिला पहिल्यांदा यंत्राची कोरडी सूचना मिळेल आणि तुम्ही जपून लिहिलेला मेसेज त्याच्या खुलाशासारखा वाटेल.

तिचं उत्तर काय येतं ते बघा. ‘शुक्रवार ११ चालेल. पाच ऑर्डर कोणत्या महिन्याच्या घेऊ?’ असं काही आलं तर धागा शाबूत आहे. मग तुम्ही तिच्या प्रश्नाचं उत्तर देऊन विषय संपवा, आणखी काही समजावू नका. पुन्हा ‘नो प्रॉब्लेम मॅडम’ आलं तर लगेच घाबरून ‘तुला खरंच चालेल ना?’ असं विचारू नका. त्या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर असतं. बुधवारी दुपारी एका ओळीने कामाचंच विचारा : ‘ऑर्डर मिळाल्या का निवडायला?’ दोन-तीन हप्त्यांच्या ऑर्डर शोधायच्या कशा हेच तिला कळलेलं नसेल आणि ती गप्प असेल, असं होऊ शकतं. मग दोन मिनिटं तिच्या जागेवर जाऊन या. हे अर्धं बसणंच झालं.

शुक्रवारी ती आली की पहिली पाच मिनिटं माफीत घालवू नका. कागद पुढे घ्या. ‘दाखव, काय मिळालं?’ बस. गेल्या वेळच्या ‘बघू’बद्दल बोलायचं असेल तर उठताना एका वाक्यात बोला : ‘त्या दिवशी मी नवी वेळ न देताच मेसेज टाकला होता, ते चुकलं. यापुढे वेळ दिल्याशिवाय हलवणार नाही.’ हे वाक्य मेसेजमध्ये नको, समोर हवं. लिहिलेल्या कबुलीला उत्तर द्यावं लागतं. बोललेलीला मान डोलावली की पुरते. आणि हे वचन दिलंत की ते पाळावंच लागेल, म्हणून त्याहून मोठं काही कबूल करू नका.

आता तुम्ही विचारलं नाहीत ते. तीन आठवड्यांत दोनदा, त्याच वेळी, तीच मीटिंग. ती ‘अचानक’ लागते असं तुम्हाला वाटतंय, पण मला तरी गुरुवार ४ ही वेळ आता ग्राहकांची झालेली दिसते आहे. एक बैठक हलवायला चांगला मेसेज पुरतो, फार तर दोन. तिसऱ्या वेळी कितीही सुरेख लिहिलंत तरी ती मेसेज वाचणार नाही, तुमचा हिशेब वाचेल. आजच संबंधित माणसाला विचारा की ही मीटिंग पुढेही आहे का. असेल तर शुक्रवारी बैठक संपताना तिच्याशी बोलून कायमची दुसरी वेळ ठरवा आणि मग, फक्त मगच, ते `This and following events` दाबा.

वेळच बांधता येत नाही अशी तुमची नोकरी असेल, तर इंटेल कंपनीचे एकेकाळचे प्रमुख अँडी ग्रोव्ह यांनी सुचवलेली एक जुनी रीत आहे. ठरावीक वार ठेवायचाच नाही. प्रत्येक बैठक संपताना, दोघांची कॅलेंडरं समोर ठेवून, पुढची ठरवायची. त्यामुळे येणाऱ्या आठवड्यातल्या अडचणी आधीच दिसतात आणि रद्द करायची वेळ कमी येते. त्यांचं आणखी एक म्हणणं होतं की अशी बैठक ही हाताखालच्या माणसाची बैठक समजावी, विषय त्याने ठरवावेत. ते पटलं तर हलवण्याकडे बघायची नजरही थोडी बदलते : तुम्ही तुमच्या वेळापत्रकातला एक चौकोन सरकवत नाही आहात, तिची वेळ मागून घेत आहात. या रीतीत धोका एवढाच की बैठक घाईत संपली आणि पुढची ठरवायची राहिली, तर ती आपोआप पुन्हा उगवत नाही. तुमच्यासारख्या धावपळीत मी ठरावीक वारच पसंत करेन, पण बैठकीच्या शेवटी ‘पुढचा गुरुवार नक्की ना?’ हा अर्धा मिनिट जोडून.

आणि दर आठवड्याला खरंच जमणार नसेल तर दोन आठवड्यांनी एकदा करा, तसं तिला सरळ सांगा. पंधरा दिवसांनी ठरलेली बैठक असेल तर ती प्रश्न साठवून ठेवणार नाही, मधे कुणाला तरी विचारेल. दर आठवड्याची आहे आणि होत नाही, यात ती ना तुम्हाला विचारते ना दुसऱ्या कुणाला.

मेसेज पाठवायच्या आधी एकदा त्यात ‘बघू’, ‘लवकरच’, ‘जमलं तर’ शोधा आणि त्या जागी वार आणि वेळ टाका. आणि तो ११ चा चौकोन आत्ताच अडवून ठेवा, शुक्रवारची सकाळ कुणीतरी लवकर मागतं.